श्रवणयंत्र कानामागचं घ्यावं की कानातलं? दिसायला सारख्या मशीनमध्येही फरक कसा ओळखायचा?

कानाचं मशीन घ्यायचं ठरलं की घरात दोन गट पडतात. ज्यांना ते लावायचं असतं, ते म्हणतात, "कुणाला दिसणार नाही असं बघा." मुलं म्हणतात, "दिसू दे हो, पण चांगलं घ्या." मग दुकानात गेल्यावर काउंटरवर पाच-सहा नमुने मांडले जातात. एक कानामागे अडकवायचं, एक तसंच पण वायरचं, एक अख्खा कान भरून टाकणारं आणि एक शेंगदाण्याएवढं, जे कानात गेलं की गायब. किमती ऐकून आधीच घाम फुटलेला असतो, त्यामुळे निवड बहुतेक वेळा एकाच निकषावर होते, ती म्हणजे मशीन किती लहान आहे.

पण मशीन कानामागे आहे की कानात, हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. स्वतःचा आवाज कसा ऐकू येणार, मशीन शिट्टी मारणार का, सेल किती दिवस पुरणार आणि ते मशीन सहा महिन्यांनी कानात असेल की कपाटात, हे बरंचसं त्या जागेवर ठरतं.

आधी आत काय असतं ते बघू

कुठल्याही श्रवणयंत्रात चार गोष्टी असतातच. आवाज पकडणारा माइक, तो आवाज हवा तसा वाढवणारी चिप, वाढवलेला आवाज बाहेर सोडणारा स्पीकर आणि या सगळ्याला वीज देणारा सेल. या धंद्यात स्पीकरला 'रिसीव्हर' म्हणतात. आवाज सोडणाऱ्या वस्तूला 'घेणारा' का म्हणायचं, असा गोंधळ होतो. टेलिफोनच्या कानाला लावायच्या भागालाही रिसीव्हरच म्हणायचे, हे आठवलं की तो मिटतो.

मशीनचे सगळे प्रकार म्हणजे या चार गोष्टींची वेगवेगळी मांडणी. कुठली गोष्ट कानामागे ठेवली आणि कुठली आत, एवढाच खेळ आहे. त्यामुळे मशीन हातात आलं की कंपनी आणि मॉडेल बघण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: याचा स्पीकर कुठे आहे?

कानामागची दोन मशीन, दिसायला भावंडं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कानामागे अडकवायची मशीन दोन जातींची असतात आणि लांबून ती सारखीच दिसतात.

पहिली जात म्हणजे बीटीई. यात माइक, चिप, स्पीकर आणि सेल असं सगळं कानामागच्या केळीच्या आकाराच्या डबीत असतं. आवाज डबीतच तयार होतो आणि एका पोकळ नळीतून कानात जातो. नळीच्या टोकाला कानाच्या मापाचा साचा असतो. तो कडक अॅक्रिलिकचा किंवा मऊ सिलिकॉनचा बनवतात. सरकारी शिबिरांत मिळणारी मशीन बहुतांशी याच जातीची असतात.

दुसरी जात म्हणजे आरआयसी. काही कंपन्या तिला आरआयटीई म्हणतात, पण वस्तू तीच. हिच्यात माइक, चिप आणि सेल कानामागे राहतात, स्पीकर मात्र डबीतून काढून थेट कानाच्या नळीत बसवलेला असतो. डबीपासून कानापर्यंत नळी नाही, बारीक वायर जाते. तिच्यातून आवाज नाही, वीज जाते. स्पीकर बाहेर गेल्यामुळे डबी लहान होते आणि समोरून पाहणाऱ्याला ती बहुधा दिसतही नाही.

मग ओळखायचं कसं? कानात जाणारं टोक बघायचं. टोकावर छत्रीसारखी मऊ सिलिकॉनची टोपी असते, तिला डोम म्हणतात. डोम ओढून काढला आणि आत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी टणक कॅप्सूल दिसली, तर तो स्पीकर, म्हणजे मशीन आरआयसी. नुसती पोकळ नळीच दिसली तर ते बारीक नळीचं बीटीई. हा तिसरा नमुनाच लोकांना फसवतो, कारण त्याची नळी इतकी पातळ असते की वायरच वाटते. उजेडात धरली की पारदर्शक नळी आरपार पोकळ दिसते. वायरीच्या आत मात्र तारा दिसतात.

हा फरक माहीत असणं उपयोगी का आहे? कारण दोन्हींचं दुखणं वेगळं असतं. बीटीईचा स्पीकर कानाबाहेर, कोरड्या जागी असतो. कानातला मळ साच्यात किंवा नळीत अडकतो आणि तो साचा धुता येतो. आरआयसीचा स्पीकर मात्र थेट मळाच्या आणि ओलाव्याच्या शेजारी राहायला गेलेला असतो. त्यामुळे तो जास्त वेळा बिघडतो. समाधान एवढंच की स्पीकर सुटा मिळतो आणि बदलता येतो, अख्खं मशीन टाकावं लागत नाही. ऐकणं पुढे आणखी कमी झालं, तर त्याच डबीला जास्त ताकदीचा स्पीकरही बऱ्याचदा जोडता येतो.

कानातल्या मशीनचं कुटुंब

कानात बसणाऱ्या मशीनमध्ये चारही गोष्टी एकाच कवचात असतात आणि ते कवच सहसा त्या माणसाच्या कानाचं माप घेऊन बनवतात. माप घेताना कानात आधी फोमचा छोटा बोळा ठेवतात, म्हणजे मसाला पडद्यापर्यंत जाणार नाही. मग पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतात, काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि कानाची हुबेहूब प्रतिकृती बाहेर येते. एकाचं मशीन दुसऱ्याला लागत नाही ते यामुळे. आजोबांचं कानातलं मशीन आजीला देण्याचा विचार इथेच सोडून द्यावा.

या कुटुंबातले सदस्य आकारावरून ओळखले जातात. कानाची बाहेरची वाटी भरून टाकतं ते आयटीई. वाटी मोकळी ठेवून नळीच्या तोंडाशी बसतं ते आयटीसी. नळीच्या आत जातं आणि बाहेर फक्त ओढून काढायचा बारीक दोरा दिसतो ते सीआयसी. आणखी खोल, नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे जातं ते आयआयसी. जाहिरातीतलं 'अदृश्य' मशीन म्हणजे हे शेवटचं.

कानात मशीन बसवण्याची हौस नवी नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन १९८३ मध्ये कानातलं मशीन लावून लोकांसमोर आले. सिनेमाच्या सेटवर कानाजवळ झाडलेल्या पिस्तुलामुळे त्यांचं ऐकणं बिघडलं होतं. पुढे १९९७ मध्ये बिल क्लिंटन यांनीही कानातली मशीन घेतली. राष्ट्राध्यक्षाच्या कानात मशीन आहे म्हटल्यावर लाज थोडी कमी झाली, पण त्याबरोबर 'चांगलं मशीन म्हणजे न दिसणारं मशीन' ही समजूतही घट्ट झाली. आजही दुकानात हीच समजूत विकली जाते.

एक उदाहरण घेऊ: साठ की आठ?

समजा, सांगलीतले ६७ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची तक्रार अशी की "ऐकू येतं, पण कळत नाही." बायको म्हणते, "भाजी साठ रुपये झाली." यांना ऐकू येतं, "आठ रुपये." नातवाचं बोलणं तर अजिबात समजत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला की घरातले ओरडतात. कान, नाक, घसा तज्ज्ञांनी कान तपासला, मळ नाही, पडदा ठीक आहे. मग ऑडिओमेट्री झाली.

ऑडिओमेट्रीचा कागद म्हणजे ऑडिओग्रॅम. त्यावर आडव्या बाजूला आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये असते. डावीकडे ढोलकीच्या डग्यासारखे जाड आवाज, उजवीकडे चिमण्यांसारखे बारीक आवाज. उभ्या बाजूला डेसिबल. आलेख जितका खाली, तितकं ऐकणं कमी. उजवा कान लाल गोलाने दाखवतात आणि डावा निळ्या फुलीने. मशीनवरही उजव्याला लाल आणि डाव्याला निळी खूण असते, तीच पद्धत.

काकांचे आकडे दोन्ही कानांना साधारण सारखे आले. ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ५० आणि ४००० ला ६५. चारही आकड्यांची बेरीज १७०, चारने भागलं की सरासरी ४२.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ३५ ते ५० च्या आत म्हणजे 'मध्यम' श्रवणदोष. कागदावर 'मॉडरेट' एवढाच शब्द छापून येतो आणि घरच्यांच्या लक्षातही तेवढाच राहतो.

पण इथे सरासरीपेक्षा आलेखाचा उतार जास्त बोलतो. काकांना जाड आवाज जवळजवळ नीट ऐकू येतात, बारीक आवाज येत नाहीत. मराठी बोलण्यात 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर डाव्या, म्हणजे जाड बाजूला पडतात. 'स', 'श' यांची सळसळ उजव्या टोकाला असते. 'साठ' मधला 'आ' त्यांना पूर्ण मिळतो आणि 'स' गळून पडतो. उरतं 'आठ'. म्हणून "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार अगदी अचूक आहे. त्यांना वेडगळ ठरवून जोरात ओरडण्यात अर्थ नाही, कारण ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'स' फारसा होत नाही.

आता काकांना हवंय सीआयसी. दिसणार नाही म्हणून. ते बसवलं तर काय होईल?

सीआयसीचं कवच कानाची नळी जवळजवळ पूर्ण बंद करतं. त्यामुळे जे जाड आवाज काकांना मशीनशिवाय छान ऐकू येत होते, त्यांची वाटही बंद होते. ते आता मशीनला पुन्हा तयार करून द्यावे लागतात. याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे त्यांचा स्वतःचा आवाज. आपण बोलतो तेव्हा आवाजाची कंपनं जबड्यातून आणि कवटीतून कानाच्या नळीपर्यंत जातात. एरवी ती उघड्या कानातून बाहेर पडून जातात. तोंड बंद केलं की ती आतच घुमतात आणि माठात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. याला ऑक्लूजन म्हणतात. दोन्ही कानांत बोटं घालून "ऊऽऽ" असं म्हणून बघा, लगेच कळेल. चपाती चावण्याचा आवाजही असाच डोक्यात वाजतो.

ज्यांना जाड आवाजही कमी ऐकू येतात, त्यांना हा घुमारा फारसा जाणवत नाही. काकांसारख्या ज्यांचा डावीकडचा भाग शाबूत आहे, त्यांना तो सगळ्यात जास्त छळतो. "मशीन लावलं की डोकं भणभणतं" असं म्हणून मशीन डबीत जातं ते बऱ्याचदा यामुळे.

यावर उपाय म्हणजे कवचात आरपार छिद्र ठेवणं, त्याला व्हेंट म्हणतात. पण सीआयसीच्या इवल्याशा कवचात मोठं छिद्र पाडायला जागाच नसते. आयआयसी खोल जाऊन नळीच्या हाडाच्या भागात बसतं, तिथली भिंत कंप कमी पावते, म्हणून घुमारा कमी होतो. पण तेवढं खोल बसायला नळी रुंद आणि सरळ हवी. सगळ्यांचीच नसते.

आता तेच काका आणि आरआयसी. टोकाला छिद्रांचा, म्हणजे ओपन डोम लावला की कान बराचसा उघडा राहतो. जाड आवाज नेहमीसारखे थेट आत जातात, स्वतःचा आवाज बाहेर पडतो आणि मशीन फक्त बारीक आवाज वाढवून देतं. ऑडिओलॉजिस्टचा एक जुना ढोबळ हिशोब आहे की जितकं ऐकणं कमी, त्याच्या साधारण निम्मी वाढ द्यायची. म्हणजे काकांना ४००० हर्ट्झला ३० डेसिबलच्या आसपास वाढ लागेल आणि ५०० हर्ट्झला जवळजवळ काहीच नाही. उघड्या कानात एवढी वाढ देणं आजच्या मशीनला जमतं. 'साठ' पुन्हा 'साठ' होतो.

थोडक्यात, काकांच्या बाबतीत कानामागचं मशीन घेणं म्हणजे दिसण्यावर पाणी सोडून चांगल्या आवाजाची निवड करणं, असंही नाही. बारीक वायर आणि लहान डबी असल्यामुळे ते फारसं दिसतही नाही.

आकडे बदलले की उत्तर बदलतं

याच काकांच्या शेजाऱ्यांचा ऑडिओग्रॅम सपाट आहे, असं धरू. ५०० पासून ४००० पर्यंत सगळीकडे ७५ ते ८० डेसिबल. इथे उघडा डोम चालणार नाही. जाड आवाजही भरपूर वाढवावे लागतील आणि उघड्या कानातून ते बाहेर निसटून जातील. निसटलेला आवाज माइकने पुन्हा पकडला की मशीन तो पुन्हा वाढवतं, तो पुन्हा निसटतो आणि कुंईऽऽ अशी शिट्टी सुरू होते. लग्नाच्या मांडवात माइक घेऊन कुणी भोंग्यासमोर उभं राहिलं की जे होतं तेच. मशीन शिट्टी दाबायचा प्रयत्न करतं, पण त्यालाही मर्यादा असते.

शिट्टी टाळायची तर माइक आणि स्पीकरमध्ये अंतर हवं आणि कान घट्ट बंद हवा. सीआयसीमध्ये दोघांत जेमतेम बोटाच्या पेराएवढं अंतर असतं. बीटीईमध्ये माइक कानाच्या वर आणि आवाज साच्यातून आत, मध्ये अख्खा कान. म्हणून जास्त श्रवणदोषाला आजही घट्ट साच्याचं बीटीई हेच भरवशाचं मशीन आहे. ताकदीचा स्पीकर आणि मोठा सेल मावायला डबीही मोठी लागते. "एवढं मोठं मशीन का दिलं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

कान वाहत असेल तर गोष्ट आणखी बदलते. वाहत्या कानात आधी तज्ज्ञांचे उपचार, मशीन नंतर. त्यानंतरही कानात बसणारं मशीन किंवा आरआयसीचा स्पीकर अशा कानात टिकत नाही आणि बंद कानात हवा खेळत नसल्यामुळे संसर्गही पुन्हा डोकं वर काढतो. व्हेंट असलेल्या साच्याचं बीटीई इथे बरं पडतं, कारण नाजूक भाग सगळे बाहेर राहतात.

लहान मुलांना तर कानातलं मशीन सहसा देतच नाहीत. कान वाढत असतो आणि कानातल्या मशीनचं कवच दर वेळी नव्याने बनवावं लागेल. बीटीईमध्ये फक्त साचा बदलायचा. अगदी लहान बाळांचा साचा काही महिन्यांतच लहान पडतो, शिट्टी वाढली की आईवडिलांनी ते ओळखायचं.

बोटं, चष्मा आणि सेल

ऑडिओग्रॅमवर न दिसणाऱ्या गोष्टींनीही बरेच निर्णय फिरतात. त्यातली सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे बोटं.

श्रवणयंत्राचे बटन सेल चार मापांत येतात आणि प्रत्येकाच्या स्टिकरचा रंग ठरलेला असतो. १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारंगी आणि ६७५ निळा. कंपनी कुठलीही असो, रंग तोच. १० नंबरचा सेल ५.८ मिलिमीटर रुंद असतो, जवळपास तुरीच्या दाण्याएवढा. कानात लपणाऱ्या मशीनना हाच लागतो आणि तो साधारण चार-पाच दिवसांत संपतो. कानामागच्या मशीनला लागणारा १३ नंबर त्याहून बराच मोठा असतो आणि दीड-दोन आठवडे चालतो. वापरावर हे कमी-जास्त होतं.

म्हणजे 'अदृश्य' मशीन घेणाऱ्याला आठवड्यातून एक-दोनदा तुरीच्या दाण्याएवढा सेल बारीकशा झाकणात बसवायचा आहे. हात थरथरत असतील, संधिवात असेल, मधुमेहाने बोटांची जाणीव कमी झाली असेल किंवा मोतीबिंदू असेल, तर हे काम रोज सुनेला किंवा मुलाला हाक मारून करावं लागतं. दुकानात बसल्या बसल्या एक साधी परीक्षा करता येते. ज्यांना मशीन वापरायचं आहे, त्यांनी स्वतः तीन वेळा सेल काढून घालायचा आणि मशीन कानात लावून काढायचं. मुलाने करून दाखवलं ते धरायचं नाही. चार्जिंगची मशीन आल्यामुळे सेलचा त्रास कमी झाला आहे. चार्जिंगची सोय मात्र कानामागच्या मशीनमध्ये जास्त आणि खोल बसणाऱ्या मशीनमध्ये कमी सापडते.

एक जाता जाता. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की हवा आत जाऊन सेल जागा होतो, म्हणून स्टिकर काढल्यावर एखादं मिनिट थांबून मग झाकण लावावं. स्टिकर परत चिकटवून सेल वाचतो, हा गैरसमज आहे. आणि घरात लहान मूल असेल तर वापरलेले सेलही उघड्यावर ठेवू नयेत, गिळले तर जिवावर बेततं.

कानामागच्या मशीनचीही अडचण आहे. चष्म्याची काडी, मास्कचा दोरा आणि मशीन असे तिघे एकाच जागेसाठी भांडतात. करोनाच्या काळात मास्क काढताना मशीन उडून हरवल्याचे प्रकार अनेकांकडे झाले. हेल्मेट घालणाऱ्यालाही कानामागचं मशीन काढून ठेवावं लागतं. वाऱ्यात कानावरच्या माइकला 'फडफड' ऐकू येते, तर कानात बसलेल्या माइकला बाहेरच्या कानाचा आडोसा मिळतो. फोन कानाला लावून बोलायची सवय असलेल्यांनाही कानातलं मशीन सोपं जातं. कानामागचं मशीन असेल तर फोन कानाच्या वर, माइकपाशी धरावा लागतो आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

याच्या उलट गोंगाटातलं ऐकणं. समोरच्याचं बोलणं वेगळं काढायला मशीनला एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन माइक लागतात. ते कानामागच्या डबीत आरामात बसतात, आयटीईमध्येही मावतात, सीआयसीमध्ये सहसा एकच माइक असतो. लग्नकार्यात, बाजारात, भिशीच्या बैठकीत ज्यांना ऐकायचं आहे, त्यांनी दुकानातल्या शांत खोलीत ऐकून ठरवू नये. ट्रायलसाठी मशीन घेऊन रस्त्यावर उभं राहून बघावं.

आकाराचं काम फक्त अर्धं

कुठलंही मशीन ऑडिओग्रॅमनुसार प्रोग्रॅम केलेलं नसेल तर ते कानामागे असो की कानात, काही फरक पडत नाही. ऑनलाइन मिळणारी 'कानाची छोटी मशीन' बऱ्याचदा नुसती आवाज मोठा करणारी असतात. ती काकांचा 'आ' ही वाढवतात आणि 'स' ही, म्हणजे नको तेही मोठं होतं. दिसायला ती सीआयसी किंवा बीटीईसारखीच असतात, त्यामुळे फोटोवरून फरक कळत नाही. ऑडिओग्रॅम घालून कॉम्प्युटरला जोडून सेटिंग होणार आहे का, एवढं विचारलं की कळतं.

सेटिंग करणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट आहे का, हेही विचारता येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तिथे तपासणी आणि मशीन बसवण्याची सोय आहे. केंद्र सरकारच्या 'एडिप' आणि ज्येष्ठांसाठीच्या 'राष्ट्रीय वयोश्री' या योजनांमधूनही निकषांत बसणाऱ्यांना श्रवणयंत्रं मिळतात.

मशीन बंद पडलं, आता?

दुरुस्तीला पाठवण्याआधी मशीन कुठल्या जातीचं आहे ते आठवायचं, कारण पहिली तपासणी त्यावर ठरते. मशीन चालू करून मुठीत अलगद बंद करायचं. शिट्टी आली तर माइक, चिप, स्पीकर आणि सेल जिवंत आहेत. मग कान मळाने भरला आहे का, हे बघावं लागेल.

शिट्टी आली नाही तर आधी सेल बदलून बघायचा. तरीही नाही आली आणि मशीन आरआयसी किंवा कानातलं असेल, तर संशय मळाच्या जाळीवर. स्पीकरच्या तोंडावर पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढी जाळी असते. ती मळाने बुजली की आवाज बारीक होत होत बंद होतो आणि लोकांना वाटतं मशीन गेलं. जाळी बदलायच्या काड्या पाकिटात मिळतात, एका टोकाने जुनी ओढायची आणि दुसऱ्या टोकाने नवी बसवायची. जाळीत सुई खुपसायची नाही, स्पीकर फाटतो.

मशीन साच्याचं बीटीई असेल तर नळी उजेडात धरायची. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि एवढासा थेंबही आवाज अडवतो. नळी डबीपासून सोडवून रबरी फुग्याच्या पंपाने हवा मारली की थेंब निघून जातो. साचा कोमट पाण्यात धुता येतो, पण डबीला पाणी लागता कामा नये. नळी पिवळी आणि कडक झाली असेल, तर ती आक्रसून साचा कानातून ओढते आणि शिट्टी सुरू होते. अशी नळी वर्षातून दोन-तीनदा बदलावी लागते, ते काही मिनिटांचं काम आहे. रात्री मशीन सेलचं झाकण उघडं ठेवून, ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवायचं. गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या.